बल्बची पेटी की फोनची घंटा? बायनॉमियल कुठे, पॉयसन कुठे

व्हिडिओतल्या या दोन स्लाइड्स पाहताना गोंधळ होतो, कारण दोन्हीकडे मोजणीच आहे. ओळखायला एकच प्रश्न विचारा: "जे घडलं नाही, ते मला मोजता येतं का?"

आधी बल्ब घ्या. पेटीत २० बल्ब आहेत आणि सप्लायर म्हणतो, १०० मागे ५ खराब निघतात. तुमच्या पेटीत ३ निघाले. न बिघडलेले किती? १७. मोजता आले, म्हणजे बायनॉमियल. एक्सेलमध्ये:

```
=1-BINOM.DIST(2,20,0.05,TRUE)
```

TRUE म्हणजे "२ किंवा कमी". ते १ मधून वजा केलं की "३ किंवा जास्त" उरतं. उत्तर साधारण ०.०७५. म्हणजे सप्लायर खरं बोलत असला तरी १०० पैकी ७-८ पेट्या अशा निघणारच. एका पेटीवरून भांडू नका. पण लागोपाठ दोन पेट्या अशा निघाल्या, तर ती शक्यता पावणेदोनशेत एक. आता मात्र फोन लावा.

फक्त एक अट: प्रत्येक बल्बचं नशीब वेगळं हवं. पेटी टेम्पोतून पडली असेल तर सगळे एकदमच फुटतात, तिथे हे गणित चालत नाही.

आता हेल्पडेस्क. तासाला सरासरी ४ कॉल येतात. न आलेले कॉल किती? सांगताच येत नाही. "एकूण किती पैकी" हा आकडाच नाही, हातात फक्त सरासरी आहे. म्हणजे पॉयसन.

एका कॉलला १० मिनिटं लागतात, म्हणजे एक माणूस तासाला ६ कॉल घेतो. सरासरी ४ बघून वाटतं, एक माणूस पुरे. पण ७ किंवा जास्त कॉल येण्याची शक्यता बघा:

```
=1-POISSON.DIST(6,4,TRUE)
```

उत्तर ०.११. आठ तासांच्या दिवसात जवळपास एक तास असा येतो, की कॉल हाताबाहेर जातात. पूर्णवेळ दुसरा माणूस ठेवायचा, की त्या तासापुरता पॅकिंगवाल्याला फोनवर बसवायचं, हे आता आकडा बघून ठरवा.

इथेही अट आहे: कॉल एकमेकांशी संबंध नसलेले हवेत आणि सरासरी दिवसभर तीच हवी. तपासायला तासातासाचे कॉल एका कॉलममध्ये लिहा आणि VAR.S काढा. पॉयसनमध्ये तो आकडा सरासरीच्या आसपास येतो. सरासरी ४ आणि VAR.S १२ आला, तर एकतर सकाळची गर्दी दुपारच्या शांततेत मिसळलीये, किंवा एकाच खराब लॉटमुळे सगळे एकदम फोन करतायत. सकाळ-दुपार वेगळी मोजा. लॉटचा घोळ असेल तर माणूस वाढवू नका, लॉट परत मागवा.