ठिपके, रेघा आणि फूटपट्टी

अमेरिकन संगीतकार जॉन केज याची ‘व्हेरिएशन्स टू’ ही १९६१ सालची रचना वाजवायची, तर वादकाच्या हाती अकरा पारदर्शक कागद येतात. सहांवर प्रत्येकी एक सरळ रेघ, पाचांवर प्रत्येकी एक ठिपका. एकही सूर लिहिलेला नाही. वाद्य कोणतं, वादक किती, हेही मोकळं सोडलेलं.

कागद हवे तसे एकमेकांवर पडू द्यायचे आणि प्रत्येक ठिपक्यापासून प्रत्येक रेघेवर लंब टाकून अंतर मोजायचं. सहा रेघा म्हणजे सहा प्रश्न: नाद किती उंच, किती मोठा, कोणत्या जातीचा, किती लांब, केव्हा सुरू व्हायचा आणि त्यात एकच ध्वनी की अनेक. एका ठिपक्यातून सहा मापं, म्हणजे एक ध्वनिघटना. पाच ठिपक्यांच्या पाच घटना झाल्या की कागद पुन्हा टाकता येतात.

केज इथवर टप्प्याटप्प्यानं आला. १९५१ मध्ये ‘म्युझिक ऑफ चेंजेस’ ही पियानोची रचना लिहिताना त्यानं ‘ई चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाची पद्धत वापरली. तीन नाणी सहा वेळा उडवली की ६४ आकृत्यांपैकी एक मिळते. ६४ घरांचे तक्ते आधी आखून ठेवायचे आणि त्या आकृतीच्या घरात जे असेल तो ध्वनी, ती लांबी किंवा तो जोर घ्यायचा. निम्म्या घरांत ध्वनी होते, निम्म्यांत शांतता. पण नाण्यांचं काम केजच्या टेबलावरच संपलं. पियानोवादक डेव्हिड ट्यूडर याच्यासमोर आलं ते पूर्ण लिहिलेलं, भयंकर अवघड संगीत. कागदावरची लांबी हीच वेळ होती आणि लय सतत बदलत होती. त्यासाठी ट्यूडरनं सेकंदांचे हिशेब मांडले आणि स्टॉपवॉच घेऊन सराव केला. ‘व्हेरिएशन्स टू’मध्ये मात्र योगायोग वादकाच्याच टेबलावर येऊन बसतो.

एखाद्या व्हायोलिनवादिकेनं हे काम घेतलं आहे असं धरू. वादन दहा मिनिटांचं, हे तिनं ठरवलं. मग प्रत्येक रेघेसाठी मोजपट्टी हवी. समजा, शून्य ते वीस सेंटिमीटर म्हणजे सर्वांत खालच्या सुरापासून सर्वांत वरच्यापर्यंत, हळूपासून मोठ्यापर्यंत, स्वच्छ नादापासून खरखरीपर्यंत. लांबीसाठी वीस सेंटिमीटर म्हणजे एक मिनिट. आता पहिला ठिपका. उंचीचं अंतर १९, जोराचं १, जातीचं १७, लांबीचं २, वेळेचं १४, ध्वनींच्या संख्येचं १. म्हणजे सातव्या मिनिटाला सहा सेकंदांचा एकच ध्वनी: जवळजवळ सर्वांत उंच, जेमतेम ऐकू येणारा आणि तरी खरखरीत. खरखर काढायला गज दाबावा, तर आवाज मोठा होतो. हलका फिरवावा, तर सूर फुटतो किंवा उमटतच नाही. बोटं जन्मभर जे टाळत आली, तेच आता घटवायचं आहे.

ख्यालाच्या श्रोत्याला वाटेल, कागदावर इतकं थोडं लिहिलेलं, म्हणजे उपज करायला रान मोकळं. प्रत्यक्षात उलट आहे. गायकाची उपज त्याच्या तालमीतून आणि आवडीतून येते. केजला नेमकी ती आवडच बाजूला ठेवायची होती. म्हणून मोजपट्टी मापं घेण्याआधी ठरवणं फार महत्त्वाचं, असं मला वाटतं. आधी मापं घेतली आणि मग सोयीची पट्टी निवडली, तर योगायोगाच्या नावाखाली आपलीच हौस भागते. असं वादन कानाला कळतंही. अवघड जागा गुळगुळीत होतात, शांतता भरून काढल्या जातात, शेवटाकडे आवाज चढत जातो.

हे संगीत वादकाच्या सचोटीवर उभं आहे, आणि ती गृहीत धरता येत नाही. १९६४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क फिलहार्मोनिकनं केजचं ‘अ‍ॅटलस इक्लिप्टिकॅलिस’ वाजवलं. ताऱ्यांच्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून त्यातले सूर काढलेले होते, आणि वाद्यांना मायक्रोफोन जोडले होते. केजच्या सांगण्यानुसार, काही वादकांनी त्यांत शिट्ट्या मारल्या, भलत्याच सुरावटी वाजवल्या. दोष सगळा त्यांचाच होता असं मी म्हणणार नाही. त्यांचे ध्वनी मोठे करायचे की बंद ठेवायचे, हे मिक्सरवर बसलेल्याच्या हाती होतं. मन लावून वाजवलेला सूर ऐकू जाईल याची हमी नसताना एकाग्र राहायचं, ही मागणी साधी नाही.

ट्यूडरनं ‘व्हेरिएशन्स टू’ स्वतः वाजवलं, तेव्हा पियानोला मायक्रोफोन आणि ग्रामोफोनची पिकअप जोडली. अशा वाद्यात तारेला किंचित स्पर्श झाला तरी घोंघाट उठे किंवा शिट्टी घुमू लागे. सेंटिमीटरच्या हिशेबानं जोर राखणं शक्यच नव्हतं. मग त्यानं बारीक मापं सोडली आणि प्रत्येक अंगाला दोनच उत्तरं ठेवली, साधं किंवा गुंतागुंतीचं. सूचनांच्या अक्षराला हे धरून नाही. तरी ते मला मनमानी वाटत नाही, कारण कोणतं उत्तर कुठे येणार हे त्यानं हाताच्या सवयीवर सोडलं नव्हतं. ते रेघांवरूनच ठरत होतं.