शून्यापाशी वक्र नेमका कुठे अडतो?

y = ∛x चा आलेख शून्यापाशी कुठेही तुटत नाही, त्याला टोकही येत नाही. तरीही तिथे त्याचे विकलन होत नाही. y = |x| आणि y = ∛(x²) यांचेही शून्यापाशी विकलन होत नाही, पण तिघांची कारणे वेगळी आहेत.

सूत्राने विकलन करून x = 0 ठेवले, तर ∛x आणि ∛(x²) दोन्हींत छेदात शून्य येते. त्यावरून फरक कळत नाही. त्यासाठी शून्याच्या दोन्ही बाजूंनी f(h)/h हा चढ काढून पाहावा लागतो.

h = 0.001 घेऊ. त्याचे घनमूळ 0.1, म्हणून चढ 100. आता h = −0.001. घनमूळ −0.1, उणे भागिले उणे, चढ पुन्हा 100. h आणखी लहान केला की दोन्हीकडचे चढ एकाच दिशेने, धन अनंताकडे वाढतात. वक्र न वळता सरळ उभा वर चढतो आणि y-अक्ष ही त्याची उभी स्पर्शिका ठरते.

∛(x²) साठी हेच आकडे घेतले, तर उजवीकडे चढ 10 आणि डावीकडे −10 येतो. एक धन अनंताकडे, दुसरा ऋण अनंताकडे जातो. वक्र उभा खाली येऊन तसाच उलटा फिरतो, काट्यासारखे अणकुचीदार टोक तयार होते.

|x| चे चढ मात्र वाढतच नाहीत. h कितीही लहान घेतला तरी उजवीकडे 1, डावीकडे −1. दोन्ही सांत, पण असमान, म्हणून तिथे कोपरा असतो.