कर्ज विभागाकडे जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या पाच ओळी

बँकेच्या शाखेत आठ-दहा वर्षं काढलेला अधिकारी कर्ज विभागातल्या जागेसाठी अर्ज करतो, तेव्हा बायोडेटाच्या माथ्यावर चार-पाच ओळींचा सारांश लिहितो. तो बहुतेक वेळा असा असतो: ‘शाखा व्यवहारांचा दीर्घ अनुभव. रोकड, क्लिअरिंग, केवायसी, लॉकर, ग्राहकसेवा यांची जबाबदारी सांभाळली. मेहनती, शिकण्याची तयारी. आता क्रेडिट ॲनालिसिसमध्ये काम करण्याची इच्छा.’ यात खोटं काही नाही. पण कर्ज विभागाचा प्रमुख ज्या एका गोष्टीचा शोध घेत असतो ती यात नाही. हा माणूस एखाद्या खात्याकडे पाहून मत बनवू शकतो का, आणि ते मत चुकलं तर काय होईल याची त्याला कल्पना आहे का, हे त्याला हवं असतं.

शाखेतल्या अधिकाऱ्याला वाटतं, आपण कर्ज कधी मंजूर केलं नाही, मग लिहायचं काय? आज अनेक बँकांत कर्ज प्रस्तावांची छाननी वेगळ्या केंद्रात होते आणि शाखा फक्त कागद पुढे पाठवते, त्यामुळे हे वाटणं स्वाभाविक आहे. पण त्या केंद्रातल्या ॲनालिस्टकडे ताळेबंद येतो तो वर्षातून एकदा, तोही जुना होऊन. कर्जदार रोज कसा वागतो हे शाखेलाच दिसतं. कोणाचे चेक परत जातात, कोण महिनाअखेरीला मर्यादेच्या काठावर असतो, कोणाचं स्टॉक स्टेटमेंट तीनदा मागितल्याशिवाय येत नाही, हे ऑपरेशन्सच्या टेबलावर बसलेल्याला ठाऊक असतं. सारांशात उतरायला हवं ते हेच. आणि ‘मला ठाऊक आहे’ एवढ्यावर भागत नाही, त्या माहितीवरून आपण काय केलं ते लिहावं लागतं.

उदाहरणासाठी एक खातं घेऊ. बाजारपेठेच्या गावातला कापडाचा घाऊक व्यापारी. त्याला 40 लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा आहे. कॅश क्रेडिट म्हणजे मालाच्या तारणावर धंद्याला दिलेलं खेळतं भांडवल. विक्रीचे पैसे खात्यात भरायचे, माल घ्यायला पुन्हा उचलायचे. ही मर्यादा ठरवण्याची एक सोपी पद्धत बँकांत रुळलेली आहे. रिझर्व्ह बँकेने 1991 साली नेमलेल्या पी. आर. नायक समितीच्या शिफारशींतून ती आली. छोट्या उद्योगाच्या अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या 25 टक्के रक्कम खेळत्या भांडवलाची गरज मानायची, त्यातले 20 टक्के बँकेने द्यायचे आणि 5 टक्के व्यापाऱ्याने स्वतःचे घालायचे. दोन कोटींच्या उलाढालीला म्हणून 40 लाख. आता नूतनीकरणाच्या वेळी व्यापारी 55 लाख मागतो आहे. त्याच हिशेबाने त्याची उलाढाल पावणेतीन कोटींवर जायला हवी.

संगणकावर खातं स्वच्छ दिसतं. व्याज वेळेवर लागतं आणि वसूल होतं. कॅश क्रेडिट खातं सलग 30 दिवसांपेक्षा जास्त मर्यादेच्या वर राहिलं तर ते धोक्याच्या यादीत, म्हणजे एसएमएत येतं आणि 90 दिवस ओलांडले की अनुत्पादक होतं. इथे तसं काहीच घडलेलं नाही. ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत खात्यात 74 लाख जमा झालेत. याच काळातल्या जीएसटी विवरणपत्रांत विक्री 96 लाख दिसते. फरक आहे, पण उधारीचा धंदा म्हटल्यावर थोडा फरक राहणारच, असं म्हणून पुढे जाणारे पुष्कळ असतात.

आता क्लिअरिंग आणि ट्रान्सफर रोज हाताळणारा अधिकारी तेच 74 लाख कसे वाचतो ते पाहा. त्यातले 9 लाख हे जमा होऊन परत गेलेल्या चेकचे आहेत. बेरजेत ते जमा म्हणून मोजले गेले, पैसे आलेच नाहीत. आणखी 23 लाख व्यापाऱ्याच्या भावाच्या फर्मकडून आले आणि तीन-चार दिवसांत बहुतेक तितकेच तिकडे परत गेले. पैसा नुसता फिरला, त्यामागे कापडाचा एक तागाही विकला गेलेला नाही. हे दोन्ही वजा केले की धंद्याची खरी जमा उरते 42 लाख. विक्री 96 लाखांची आणि खात्यात 42 लाख, तर बाकीचे पैसे जातात कुठे? एक शक्यता अशी की गिऱ्हाईक दुसऱ्या बँकेतल्या खात्यात पैसे भरतात, म्हणजे माल आमच्या पैशाचा आणि वसुली दुसरीकडे. दुसरी शक्यता अशी की उधारी अडकली आहे. तिसरी, जीएसटीतली विक्रीही भावाभावांतच फिरवलेली आहे. तिन्हींचे धोके वेगळे आहेत आणि नुसत्या खात्यावरून त्यातलं कोणतं खरं हे सांगता येत नाही. इथे थांबून ‘अजून काय मागवायला हवं’ हे विचारणारा माणूस ॲनालिस्ट व्हायच्या लायकीचा असतो.

स्टॉक स्टेटमेंटही बोलकं आहे. जानेवारीत माल 61 लाखांचा, फेब्रुवारीत साडेएकसष्ट, मार्चमध्ये 62. ऐन लग्नसराईत कापडाच्या घाऊक दुकानातला साठा हलायला हवा, खाली-वर व्हायला हवा. तो इतका सपाट असेल तर एक तर माल जुना पडून आहे, नाहीतर मागच्या महिन्याच्या कागदावर नवा आकडा चढवला आहे. विम्याची पॉलिसी काढून पाहिली तर ती 35 लाखांची. ज्याच्या गोदामात खरंच 62 लाखांचा माल आहे तो निम्म्याच मालाचा विमा का उतरवेल? याला एखादं साधं उत्तर असू शकतं, पण ते गोदामात जाऊन शोधायचं असतं.

आणि कागदावरचे आकडे जसेच्या तसे मानले तरी हिशेब जुळत नाही. 62 लाखांच्या मालापैकी 14 लाखांचे पैसे पुरवठादारांना अजून द्यायचे आहेत. तो माल व्यापाऱ्याचा म्हणता येत नाही. उरले 48. त्यातून 25 टक्के मार्जिन वजा केलं की उचल करता येण्याजोगी रक्कम, म्हणजे ड्रॉइंग पॉवर, 36 लाख होते. मर्यादा फक्त मालावर दिलेली असेल, तर चालू 40 लाखांइतकंही तारण इथे नाही. मग 55 लाखांना आधार कशाचा?

आपला अधिकारी व्यवस्थापकाला टिपण लिहितो: वाढ आत्ता देऊ नये, मर्यादा वर्षाऐवजी सहा महिन्यांसाठी चालू ठेवावी आणि उचल ड्रॉइंग पॉवरपुरतीच राहू द्यावी, दुसऱ्या बँकेतल्या खात्याचे उतारे मागवावेत, गोदामाची अचानक तपासणी करावी, भावाच्या फर्मशी झालेले व्यवहार वगळून जमा मोजावी. ‘हा माणूस लबाड आहे’ असं तो कुठेही लिहीत नाही, कारण त्याच्याकडे त्याचा पुरावा नाही. खातं बंद करा असंही म्हणत नाही. चालत्या दुकानाचं खेळतं भांडवल एकदम ओढून घेतलं तर उद्या बुडण्याची शक्यता असलेलं कर्ज आजच बुडतं.

याच्या उलटंही घडतं, आणि तेही मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. शाळेच्या गणवेशाचा व्यापारी जूनच्या सुरुवातीला बारा दिवस मर्यादेच्या वर जातो, स्टॉक स्टेटमेंट उशिरा देतो. नियमाच्या चौकटीतून पाहिलं तर दोन उणिवा. पण मागच्या तीन वर्षांचं खातं उघडलं की दिसतं, दर जूनला असंच होतं आणि जुलैत शाळांकडून जमा येऊन खातं निम्म्याच्या खाली उतरतं. अशा माणसाला हंगामापुरती वेगळी मर्यादा सुचवणं हेही धोक्याचं भान आहे. कर्ज नाकारून जोखीम टाळता येते, पण नाकारतच राहिलं तर बँकेचा चांगला गिऱ्हाईक समोरच्या बँकेत जातो आणि ज्याला इतर कोणी देत नाही तो आपल्याकडे उरतो.

आता या सगळ्यातून सारांश लिहायचा तर तो साधारण असा होईल:

‘शाखा व्यवहारात 9 वर्षं; त्यातली शेवटची 4 वर्षं छोट्या व्यापाऱ्यांच्या कॅश क्रेडिट खात्यांची देखरेख. ड्रॉइंग पॉवर काढणं, जीएसटीतली विक्री आणि खात्यातली जमा ताडून पाहणं, गोदाम तपासणी. एका मर्यादावाढीच्या प्रस्तावात, परत गेलेले चेक आणि संबंधित फर्मचे व्यवहार वगळता दिसणाऱ्या जमेतली चाळीस टक्क्यांहून अधिक रक्कम विक्रीची नसल्याचं दाखवलं. वाढीऐवजी अटींसह अल्पमुदतीच्या नूतनीकरणाची शिफारस केली, ती मंजुरी अधिकाऱ्यांनी स्वीकारली. हंगामी धंद्यांसाठी वेगळ्या मर्यादेचे प्रस्तावही मांडले. मुदत कर्जाचं मूल्यांकन स्वतंत्रपणे केलेलं नाही. कॅश क्रेडिटच्या छाननीपासून सुरुवात करू इच्छितो.’

यातला जवळजवळ प्रत्येक शब्द विचार करून ठेवावा लागतो. ‘शिफारस केली’ इथे ‘मंजूर केलं’ किंवा ‘नाकारलं’ असं लिहिलं तर वाचणारा तिथेच थबकेल. मंजुरीचे अधिकार कोणाला किती असतात हे त्याला पाठ असतं, आणि आपल्या अधिकारांची हद्द विसरणारा माणूस त्याला नको असतो. ‘बँकेचे 15 लाख वाचवले’ हे वाक्यही मोहात पाडतं, पण न दिलेलं कर्ज बुडालंच असतं हे कोणी सिद्ध करू शकत नाही. व्यापाऱ्याचं नाव, गाव, धंदा आणि नेमकी रक्कम मुद्दाम गाळली आहे. लाखांऐवजी टक्केवारी दिली आहे. बँकरवर गिऱ्हाईकाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन असतं, आणि छोट्या गावातला ‘कापडाचा घाऊक व्यापारी, मर्यादा 40 लाख’ इतक्या वर्णनावरूनही ओळखू येतो. जो बायोडेटात गिऱ्हाईकाची माहिती सांडतो तो आमचीही बाहेर सांडेल, असं समोरच्याने मानलं तर त्याचं काय चुकलं?

शेवटची ओळ लिहायला अनेकांना जड जाते. मुदत कर्जात यंत्र घ्यायला पैसे देतात आणि ते पुढच्या पाच-सात वर्षांच्या नफ्यातून फेडायचे असतात. तिथे आजच्या खात्यापेक्षा उद्याच्या अंदाजाची परीक्षा घ्यावी लागते. विक्री दहा टक्क्यांनी घटली तर हप्ता निघेल का, हे मांडून पाहावं लागतं. शाखेतल्या कामातून ही सवय लागत नाही. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सच्या सीएआयआयबीसारख्या परीक्षांतून गणित शिकता येतं आणि ती परीक्षा झालेली असेल तर जरूर लिहावी. पण परीक्षा म्हणजे अनुभव नव्हे, आणि मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत हा फरक उघडा पडतो.

कारण मुलाखतीत प्रश्न त्या ओळींवरच येतात. ‘चाळीस टक्के म्हणता, ते कसं काढलं?’ ‘भावाच्या फर्मशी खराखुरा मालाचा व्यवहार असता तर?’ ‘सहा महिन्यांनंतर खातं कसं चाललं?’ शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण शिफारस स्वीकारली गेल्यावर बहुतेक जण त्या खात्याकडे पुन्हा पाहत नाहीत. सारांश लिहायला बसण्याआधी त्याने ते खातं शाखेतच पुन्हा एकदा उघडून पाहावं: अटी पाळल्या गेल्या का, जमा वाढली का, की व्यापारी सगळा धंदा दुसऱ्या बँकेत घेऊन गेला. उत्तर काहीही असलं तरी ते मुलाखतीत तसंच सांगावं. फक्त गिऱ्हाईक कोण ते तिथेही सांगू नये.