बोटांची बोबडी

एका लग्नात मी नवरदेवाच्या वडिलांनाच केटररचा माणूस समजले. "मठ्ठा संपलाय, बघा जरा," म्हणून सांगितलं आणि त्या सज्जन गृहस्थांनी निमूटपणे जग भरून आणलाही. घरी आल्यावर हा पराक्रम मी भाचीला लिहून कळवला. तिचं उत्तर आलं:

`skdjfhskdjf`

मला वाटलं, फोन पर्समध्ये राहिला आणि बटणं दाबली गेली. तरी काळजीने फोन लावला. पलीकडे ती इतकी हसत होती की तिला धड बोलता येईना. "मावशी, अगं, ते हसूच होतं!"

याला इंग्रजीत कीस्मॅश म्हणतात. कीबोर्डवर बोटं वेडीवाकडी आपटायची आणि जे उमटेल ते पाठवून द्यायचं. आपल्याकडे घाबरून किंवा गोंधळून शब्द फुटेनासे झाले की बोबडी वळली म्हणतात. इथे वळते ती बोटांची. हसू आवरेना, आनंद मावेना किंवा डोकं फिरलं की लिहिणारा सांगतो, 'आता माझ्याकडून शब्द होत नाहीत.' पण त्या अक्षरांकडे जरा निरखून पाहिलं की लक्षात येतं, हा गोंधळ भलताच शिस्तीचा आहे.

कीबोर्डवर बोटं विसावतात ती मधल्या ओळीवर. F आणि J या कळांवर बारीक उंचवटा असतो, तो न बघता ही जागा सापडावी म्हणूनच. इंग्रजीच्या नेहमीच्या कीबोर्डवर ही ओळ `asdfghjkl` अशी आहे. भावनेच्या भरात माणूस हात उचलत नाही, असेल तिथेच बोटं नाचवतो. त्यामुळे वरच्या ओळीतले आकडे, स्पेसबार, विरामचिन्हं यात फारशी येत नाहीत. दोन्ही हात आळीपाळीने पडले तर डावीकडचं एक, उजवीकडचं एक असं `skdjfh` तयार होतं. एकाच हाताची बोटं तबल्यावर फिरावीत तशी फिरली तर `asdf` किंवा `sdfg` येतं. बोटं एकाच वेळी पडल्यासारखी वाटली, तरी ज्या कळेचा संपर्क क्षणभर आधी जुळला ते अक्षर पुढे लागतं. स्वस्तातल्या कीबोर्डांना बऱ्याच कळा एकदम दाबलेल्या ओळखता येत नाहीत, त्यामुळे एखादं अक्षर गळतंही.

खरोखरच चुकून दाबल्या गेलेल्या कळा वेगळ्या दिसतात. मांजर कीबोर्डवर बसलं की एकच अक्षर लांबलचक उमटत जातं, `tfgggggggggggg` असं. कारण कळ काही काळ दाबून धरली की संगणक तेच अक्षर पुन्हा पुन्हा टाकू लागतो. आपली बोटं तेवढी थांबत नाहीत, मांजराचा पंजा थांबतो. मांजराची चाल ओळखून कीबोर्ड बंद करणारं पॉसेन्स नावाचं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या क्रिस निस्वांडर यांनी केलं होतं. त्याबद्दल त्यांना 2000 साली इग नोबेल हे गमतीचं पारितोषिकही मिळालं. माणसाचं टंकन आणि मांजराचं चालणं यांत यंत्रालाही फरक करता येतो, तर माझ्या भाचीच्या मैत्रिणींना का येऊ नये?

कॅनडाच्या भाषाशास्त्रज्ञ ग्रेचेन मॅकलक यांनी 'बिकॉज इंटरनेट' या 2019च्या पुस्तकात कीस्मॅशबद्दल लिहिलं आहे. त्यांनी लोकांना सहज विचारून पाहिलं की अक्षरं मनासारखी उमटली नाहीत तर काय करता. बहुतेकांनी कबूल केलं की ती खोडून पुन्हा बोटं आपटतो. काही जण एखाददुसरं अक्षर बदलून घेतात. पहिल्या झटक्यात जे येईल तेच पाठवणारे थोडेच. हे मी भाचीला सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. "कधीकधी ते नीट हसल्यासारखं दिसतच नाही ना!" मला हे वाक्य फार आवडलं. कुणाच्या विनोदाला हसताना आपणही आवाज थोडा चढवतोच की. तेवढ्याने ते हसू खोटं ठरत नाही.

नीट म्हणजे कसं? माझ्या समजुतीप्रमाणे, मुख्य अट ही की ते उच्चारता येता कामा नये. इंग्रजी कीबोर्डच्या मधल्या ओळीत स्वर एकच आहे, तो म्हणजे `a`. बाकी सगळी व्यंजनं. त्यामुळे जीभ अडखळते आणि नेमकं तेच हवं असतं. ऑगस्ट ड्वोरॅक यांनी 1930च्या दशकात आणलेल्या कीबोर्डवर मधल्या ओळीतच पाचही स्वर आहेत. तिथे तोच खेळ केला तर `aoeuidht` असं काहीतरी येतं. ते वाचून कुणाला हसू फुटल्यासारखं वाटत नाही, एखाद्या दूरच्या बेटाचं नाव असावं असं वाटतं. ड्वोरॅक वापरणाऱ्यांची ही अडचण मॅकलक यांनीही नोंदवली आहे.

देशादेशाचा हेलही यात उतरतो. तुर्की कीबोर्डवर मधली ओळ `şi`ने संपते, म्हणून तिकडचं हसू `asdfghjklşi` असं दिसतं. ब्राझीलमध्ये शेवटी `ç` असतं, स्पॅनिशमध्ये `ñ`. फोनवर दहा बोटांऐवजी दोन अंगठे असतात, त्यामुळे `hshsjdjs` अशी दोन-चार अक्षरंच घोळत राहतात. तिथे बोट उचलून टकटक करावी लागते. ते पडद्यावर घसरलं तर फोन त्यातून एखादा सभ्य शब्द शोधून काढतो आणि सगळी मजा जाते.

हसू, वैताग आणि आनंद यांसाठी वेगवेगळी अक्षरं ठरलेली नाहीत. अर्थ ठरतो तो आधीच्या वाक्यावरून. विनोदानंतर नुसतंच आलं तर हसू. 'तिसऱ्यांदा फॉर्म भरला आणि साइट बंद पडली' यानंतर आलं तर संताप. 'तिकिटं मिळाली' यामागून मोठ्या लिपीत आलं तर किंकाळी. म्हणूनच ते अनोळखी माणसाला किंवा ऑफिसच्या वरिष्ठांना पाठवू नये. मागचापुढचा धागा नसेल तर उरतात ती फक्त अक्षरं. अंध व्यक्तीच्या फोनमधला वाचून दाखवणारा आवाजही इथे फसतो. तो या अक्षरांचा शब्द म्हणून उच्चार करू पाहतो किंवा एकेक अक्षर वाचत बसतो.

मराठीत हसण्याला शब्दांची कमी नाही. खदाखदा, फिदीफिदी, ख्याख्या हे सगळे आपलेच. पण ते हसणाऱ्याचं वर्णन करतात. प्रत्यक्ष हसायचं तर माझी भाची मराठी गप्पांतही रोमन अक्षरांकडेच वळते. देवनागरीत हे का जमत नाही, ते बघायला मी संगणकावर इनस्क्रिप्ट सुरू केला. हा देवनागरीचा सरकारमान्य कीबोर्ड. त्यात मधल्या ओळीत डाव्या हाताखाली मात्रा, वेलांट्या, उकार आणि हलन्त, तर उजव्या हाताखाली प, र, क, त. डावा हात आधी पडला तर मात्रेला अक्षरच सापडत नाही आणि पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. उजवा हात आधी पडला आणि दोन्ही आळीपाळीने चालले, तर व्यंजन, मात्रा, व्यंजन, मात्रा अशी छान घडी बसत जाते. `jskdhfla` या कळांतून तिथे जे आलं, ते मी भाचीला तसंच पाठवलं.

'रेक्पितो.'

तिने लगेच विचारलं, "ही कसली गोळी? जेवणाआधी घ्यायची की नंतर?"