एक फोन, दोन नंबर, दोन व्हॉट्सअ‍ॅप

व्हॉट्सअ‍ॅपचे खाते मोबाइल नंबरावर उघडते. नोंदणीच्या वेळी त्या नंबरावर एसएमएसने किंवा फोन कॉलने सहा आकडी कोड येतो. तो बरोबर टाकला की खाते त्या फोनवरच्या त्या अ‍ॅपशी जोडले जाते. फोनमध्ये दोन सिम असली तरी व्हॉट्सअ‍ॅपची एक प्रत पूर्वी एकच नंबर सांभाळत असे. त्यामुळे ज्यांचा घरचा नंबर वेगळा आणि धंद्याचा वेगळा, ते दोन फोन बाळगत किंवा फोन कंपनीने दिलेली ‘ड्युअल अ‍ॅप’ची सोय वापरत.

इथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. पहिले व्हॉट्सअ‍ॅप पहिल्या सिमवर आणि दुसरे दुसऱ्या सिमवर चालते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात सिमचे मुख्य काम नोंदणीचा कोड घेण्यापुरते असते. त्यानंतर दोन्ही खात्यांचे संदेश आणि कॉल फोनला मिळणाऱ्या इंटरनेटवरूनच जातात. मग ते घरचे वायफाय असो किंवा ज्या सिमचा डेटा चालू ठेवला आहे ते सिम असो. दुसऱ्या सिमवर डेटा पॅक नसला तरी दुसऱ्या व्हॉट्सअ‍ॅपचे काही अडत नाही. तरीही ते सिम काढून ड्रॉवरमध्ये टाकू नये. फसवणुकीला आळा घालण्यासाठी दूरसंचार विभागाने नोव्हेंबर 2025 मध्ये मेसेजिंग अ‍ॅपना निर्देश दिले, की नोंदणीचे सिम फोनमध्ये असेल तरच अ‍ॅप चालावे. शिवाय पुन्हा नोंदणी करण्याची वेळ कधी येईल हे सांगता येत नाही, आणि तेव्हा कोड त्याच नंबरावर येतो.

ड्युअल अ‍ॅप म्हणजे काय, हे समजले की पुढच्या बहुतेक अडचणींचा उलगडा होतो. अँड्रॉइड ही मुळातच एका यंत्रावर अनेक वापरकर्ते ठेवू शकणारी प्रणाली आहे. फोनच्या मालकाला ती 0 हा क्रमांक देते. ड्युअल अ‍ॅप सुरू केले की फोन गुपचूप आणखी एक वापरकर्ता तयार करतो. शाओमीच्या फोनांत त्याचा क्रमांक 999 असतो, सॅमसंगमध्ये 95. व्हॉट्सअ‍ॅपचा मूळ प्रोग्रॅम फोनवर एकदाच राहतो, पण गप्पा, फोटो आणि सेटिंग या नव्या वापरकर्त्याच्या नावावर वेगळ्या साठतात. एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडे असावीत तसा हा प्रकार: जिना एक, पण कुलपे दोन. म्हणूनच मूळ अ‍ॅप अपडेट झाले की दुसरी प्रतही अपडेट होते, पण एकीतल्या गप्पा दुसरीत दिसत नाहीत.

ही सोय प्रत्येक कंपनीने वेगळ्या नावाने ठेवली आहे. सॅमसंगमध्ये सेटिंगमधील Advanced features या विभागात Dual Messenger सापडते. शाओमी आणि रेडमीत Apps या विभागात Dual apps असते. ओप्पो आणि रिअलमीत App Cloner, तर विवोत App Clone अशी नावे दिसतात. नाव सापडले नाही तर सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत dual किंवा clone टाइप करावे.

सांगलीत घरून फराळाच्या ऑर्डर घेणाऱ्या एका बाईंचे काल्पनिक उदाहरण घेऊ. त्यांच्याकडे रेडमीचा फोन आहे. पहिल्या सिमवर नातेवाईक, मुलांच्या शाळेचा गट आणि सोसायटी आहे. दुसरे सिम त्यांनी ऑर्डरींसाठी घेतले. Dual apps उघडून व्हॉट्सअ‍ॅपसमोरचे बटण चालू केले की होम स्क्रीनवर छोट्या खुणेसह दुसरे चिन्ह येते. ते उघडून दुसरा नंबर टाकायचा. इथेच सर्वांत जास्त घोळ होतो. सवयीने पहिलाच नंबर टाकला गेला आणि कोडही भरला, तर मूळ व्हॉट्सअ‍ॅप लगेच बंद होते आणि हा नंबर आता या फोनवर नोंदलेला नाही असा संदेश दाखवते. गप्पा नाहीशा होत नाहीत, पण मूळ अ‍ॅपमध्ये जाऊन तो नंबर पुन्हा नोंदवावा लागतो. कोडही बहुतेक वेळा आपोआप भरला जात नाही, कारण एसएमएस मूळ वापरकर्त्याच्या मेसेज अ‍ॅपमध्ये येतो आणि तो वाचण्याची मुभा दुसऱ्या प्रतीला नसते. कोड पाहून हाताने टाकायचा, इतकेच.

नोंदणी झाली की पहिल्या काही दिवसांत दोन गोष्टी खटकतात. ऑर्डरचे संदेश उशिरा, कधी अ‍ॅप उघडल्यावरच येतात. फोनची बॅटरी वाचवणारी यंत्रणा दुसऱ्या प्रतीला कमी वापरातले अ‍ॅप समजून झोपवते, हे त्याचे नेहमीचे कारण. दुसऱ्या चिन्हावर बोट दाबून धरून तिच्या माहितीच्या पानावर जावे आणि बॅटरीवरचे निर्बंध काढावेत. मूळ अ‍ॅपवरचे निर्बंध काढून दुसऱ्या प्रतीला फरक पडत नाही. दुसरी गोष्ट फोटोंची. गिऱ्हाइकाने पाठवलेला पत्ता लिहिलेला फोटो गॅलरीत सापडत नाही, कारण दुसऱ्या प्रतीचे फोटो नेहमीच्या जागी न जाता या ठिकाणी जातात:

```
/storage/emulated/999/
```

गॅलरी अ‍ॅप ही जागा पाहील की नाही, हे कंपनीवर अवलंबून असते. हवा तो फोटो त्या गप्पेतूनच ‘शेअर’ करून पहिल्या व्हॉट्सअ‍ॅपकडे किंवा इतरत्र पाठवणे हा सोपा मार्ग आहे.

खरे नुकसान होते ते फोन बदलताना. नव्या फोनवर सगळे हलवणारी साधने साधारणपणे मूळ वापरकर्त्याचा माल नेतात. 999 च्या बिऱ्हाडाची दखल ती घेतीलच असे नाही. त्यामुळे दुसऱ्या प्रतीचा गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप स्वतंत्रपणे चालू करावा लागतो, आणि काही फोनांत त्या प्रतीसाठी गूगलच्या सेवाही वेगळ्या सुरू कराव्या लागतात. Chat backup या पानावर शेवटच्या बॅकअपची तारीख आणि वेळ दिसते. तिथे कालचीच वेळ असेल तर ठीक. तारीखच नसेल तर बॅकअप झालेला नाही, बटण चालू दिसत असले तरी. नव्या फोनवर नोंदणी करण्याआधी तेच गूगल खाते जोडलेले हवे, कारण जुन्या गप्पा परत आणण्याचा पर्याय नोंदणीच्या वेळीच समोर येतो. तो घाईत सोडून दिला तर अ‍ॅप काढून पुन्हा सुरुवात करावी लागते. आणि सेटिंगमधले Dual apps चे बटण बंद करणे म्हणजे प्रत लपवणे नव्हे, ती पुसणे. फोनवरचे दुसरे बिऱ्हाड सामानासकट जाते. दिवाळीच्या तोंडावर ‘जागा करू’ म्हणून हे बटण बंद केले तर ऑर्डरींची यादीही गेली.

इतका खटाटोप आता अनेकांना करावा लागणार नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अँड्रॉइडवर एकाच अ‍ॅपमध्ये दोन खाती ठेवण्याची सोय जाहीर केली. सेटिंगमध्ये आपल्या नावाशेजारच्या बाणावर टिचकी मारली की Add account दिसते. दुसरा नंबर टाकून कोड भरला की दोन्ही खाती एकाच चिन्हाखाली येतात आणि नावावर टिचकी मारून अदलाबदल करता येते. दुसरा वापरकर्ता नाही, 999 ची भानगड नाही. प्रत्येक खात्याच्या सूचना आणि प्रायव्हसीच्या सेटिंग वेगळ्या ठेवता येतात. उणीव एकच: घाईत कोणत्या खात्यातून लिहितो आहोत हे लक्षात राहत नाही, आणि चिवड्याचा भाव भावकीच्या गटात जातो. ज्यांचा धंदा आहे त्यांना व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे वेगळे अ‍ॅपही घेता येते. ते 2018 पासून आहे, मूळ अ‍ॅपशेजारी सुखाने नांदते आणि त्यात मालाचा कॅटलॉग ठेवता येतो. सांगलीच्या उदाहरणातल्या बाईंना खरे तर हेच जास्त सोयीचे.

वर्क प्रोफाइलची पद्धत वेगळ्या गरजेसाठी आहे. अँड्रॉइडमध्ये ती 2014 पासून, म्हणजे पाचव्या आवृत्तीपासून आहे. कंपन्यांनी कर्मचाऱ्यांच्या फोनवर कामाची अ‍ॅप वेगळी ठेवावीत, हा तिचा मूळ हेतू. कंपनी नसलेल्यांना Shelter किंवा Island या अ‍ॅपच्या मदतीने ती स्वतः उभारता येते. त्यातल्या अ‍ॅपवर ब्रीफकेसची खूण असते. इथली भिंत ड्युअल अ‍ॅपपेक्षा जाड असते. संपर्कयादीही वेगळी असते, म्हणून दुसऱ्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सुरुवातीला नावे न दिसता नुसते नंबर दिसतात. हवे तेवढे संपर्क .vcf फाइलमधून त्या बाजूला न्यावे लागतात. ज्यांना ग्राहकांच्या यादीत आत्या-मावशी नको आहेत, त्यांना ही अडचण न वाटता सोय वाटते.

या पद्धतीचा खरा फायदा म्हणजे प्रोफाइल थांबवता येते. संध्याकाळी सात वाजता एका बटणाने ती थांबवली की त्यातली सगळी अ‍ॅप बंद पडतात. दुसऱ्या व्हॉट्सअ‍ॅपचा संदेशही येत नाही आणि कॉलही वाजत नाही. पाठवणाऱ्याला एकच खूण दिसते, आणि सकाळी प्रोफाइल सुरू झाली की राहिलेले संदेश एकदम येतात. शिकवणी घेणारे शिक्षक, डॉक्टर, दलाल यांना ही सोय ड्युअल अ‍ॅपपेक्षा निश्चित उपयोगाची. मर्यादाही आहेत. एका फोनवर साधारणपणे एकच वर्क प्रोफाइल बसते, त्यामुळे कंपनीने आधीच ती टाकली असेल तर स्वतःची दुसरी करता येत नाही. कंपनीच्या प्रोफाइलमध्ये खासगी व्हॉट्सअ‍ॅप टाकणे शहाणपणाचे नाही, कारण नोकरी सुटली की कंपनी ती प्रोफाइल दुरूनच पुसू शकते.

प्ले स्टोअरबाहेरून मिळणारी ‘जीबी’सारखी बदललेली व्हॉट्सअ‍ॅप मात्र या कामासाठी वापरू नयेत. ती अधिकृत नाहीत. ती वापरणाऱ्यांची खाती व्हॉट्सअ‍ॅप बंद करते, आणि संदेश कोणाच्या हाती जातात याचा भरवसा नसतो.

दुसऱ्या नंबरावर रिचार्ज होत नाही तेव्हा शेवटची अडचण येते. वापर नसलेला प्रीपेड नंबर कंपनी काही काळाने बंद करते आणि पुढे तो दुसऱ्याच ग्राहकाला मिळतो. त्या ग्राहकाने व्हॉट्सअ‍ॅप सुरू केले की कोड त्याच्याकडे जातो आणि जुन्या मालकाचे खाते तुटते; गटांतले जुने सदस्यत्व अनोळखी माणसाच्या हाती जाऊ शकते. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन ही वाट काही दिवस अडवतो, कायमची नाही. म्हणून दुसरा नंबर सोडायचा ठरला की आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या Account या विभागात जाऊन Change number ने खाते चालू नंबरावर न्यावे किंवा Delete account ने ते काढून टाकावे, आणि सिम त्यानंतरच बंद होऊ द्यावे.