‘नाही’चा बाण कुठे जातो?

फ्लोचार्ट किंवा स्यूडोकोडचं उत्तर नुसतं वाचून तपासता येत नाही, ते कागदावर चालवावं लागतं. प्रश्न नेहमीचाच घेऊ: N दिवसांची तापमानं दिली आहेत, त्यांतलं सर्वांत जास्त शोधा. एका विद्यार्थ्याचं उत्तर असं आहे:

```
max = 0
i = 1
while i <= N
    if t[i] > max then
        max = t[i]
        i = i + 1
    endif
endwhile
print max
```

वाचताना सगळं जागच्या जागी वाटतं. आता ड्राय रन करू. कागदावर i, t[i] आणि max असे तीन रकाने आखायचे आणि प्रत्येक फेरीला एक ओळ लिहायची. तापमानं २४, २७ आणि ३१ घेतली, तर max आधी २४, मग २७, मग ३१ होतो. i चार झाला की लूप सुटतो आणि उत्तर ३१ येतं. अगदी बरोबर! अनेक जण इथेच पूर्ण गुण देऊन मोकळे होतात.

तीच तापमानं २४, ३१, २७ अशा क्रमाने देऊन पाहा. दोन फेऱ्या नीट होतात. तिसऱ्या फेरीत ‘२७ हे ३१ पेक्षा मोठं आहे का?’ याचं उत्तर ‘नाही’ येतं. मग if च्या आतलं सगळं गाळलं जातं आणि त्यासोबत i वाढवणारी ओळही गाळली जाते. i तीनच राहतो, पुन्हा २७ समोर येतं, पुन्हा ‘नाही’. तक्त्यातली ओळ जशीच्या तशी परत आली आणि बाहेरून नवं काही वाचलं जात नसेल, तर पुढे लिहीत बसू नका. हा लूप कधीच थांबणार नाही.

फ्लोचार्टमध्ये हीच चूक लवकर सापडते. निर्णयाच्या प्रत्येक डायमंडवर बोट ठेवा आणि त्यातून दोन बाण निघतात का, ते बघा. मग ‘नाही’च्या बाणामागून बोट फिरवा. इथे तो i वाढवणाऱ्या चौकटीला वळसा घालून थेट वर जातो. काही उत्तरांत तो काढलेलाच नसतो, कारण लिहिणाऱ्याच्या मनात फक्त ‘होय’ची वाट असते. दुरुस्ती एका ओळीची आहे: endif वर घ्यायचा, म्हणजे दोन्ही वाटा i वाढवण्याआधी एकत्र येतात. आता कुठूनही गेलं तरी i प्रत्येक फेरीत एकाने वाढतो आणि N बदलत नाही, त्यामुळे लूप थांबणारच. कोणताही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे ठरवणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्येच सिद्ध केलं. म्हणून प्रत्येक लूपला हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो: दर फेरीला असं काय बदलतं, जे शेवटाकडे नेतं?

तिसरी चूक अजून लपलेलीच आहे. लडाखमधल्या द्रासची हिवाळ्यातली तापमानं घ्या, समजा उणे ८, उणे ३ आणि उणे १२. दुरुस्त केलेला कोड आता व्यवस्थित थांबतो आणि उत्तर देतो शून्य. हा आकडा यादीत कुठेच नाही! max ला सुरुवातीलाच शून्य दिलं, आणि शून्याखालचा एकही आकडा त्याला हटवू शकला नाही. ही चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण अडकलेला लूप निदान लक्षात येतो, पण शून्य हे उत्तर खरं वाटून जातं. बेरजेसाठी शून्यापासून सुरुवात योग्य, गुणाकारासाठी एकापासून. सर्वांत मोठी संख्या शोधताना मात्र यादीतली पहिलीच संख्या घ्यायची, म्हणजे max = t[1] आणि i = 2. एकच तापमान दिलं असेल, तर लूपमध्ये न शिरताच बरोबर उत्तर छापलं जातं. यादी रिकामी असेल, तर t[1] अस्तित्वातच नाही, तिथे आधी वेगळा निर्णय हवा.

परीक्षेबाहेरही असं घडतं. मायक्रोसॉफ्टच्या झून या गाणी ऐकण्याच्या यंत्रातला कोड १९८० पासूनच्या दिवसांची संख्या घेऊन वर्ष काढत असे. दिवस ३६५ पेक्षा जास्त असेपर्यंत लूप चालायचा. लीप वर्ष असेल, तर ‘दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का?’ असं तो विचारायचा आणि असतील तर ३६६ वजा करायचा. नेमके ३६६ उरले तर काय करायचं, ती वाट लिहिलेलीच नव्हती. ३१ डिसेंबर २००८ हा लीप वर्षाचा ३६६ वा दिवस. त्या दिवशी झूनची ३० जीबीची यंत्रं सुरू होतानाच गोठली. बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला यंत्र पुन्हा चालू करा, एवढाच सल्ला कंपनीला ग्राहकांना देता आला.