कमेंटचा कर्ता कोण?

पायथनमधल्या या दोन ओळी बघा. एका दुकानाच्या वेबसाइटवर प्रत्येक वस्तूला मिळालेल्या रेटिंगची सरासरी काढण्याचं काम त्यांच्याकडे आहे.

```python
def average_rating(ratings):
    return sum(ratings) / len(ratings)
```

रिव्ह्यू करणाऱ्याला यातली गोम लगेच दिसते. यादी रिकामी आली तर शून्याने भागाकार होईल. त्याच्यापुढे अजून तीन-चार पुल रिक्वेस्ट पडून असतात, म्हणून तो पटकन लिहून टाकतो: “एवढं बेसिकही तपासलं नाहीस?”

कमेंट छोटी आहे, आणि तिच्यामागचं निरीक्षण बरोबरही आहे. पण ज्याने कोड लिहिला त्याच्या बाजूने ती वाचून बघा. काय तपासायचं राहिलं? `ratings` मध्ये `None` येऊ शकतो, की आकड्यांऐवजी स्ट्रिंग येतात, की यादी रिकामी असते? यातलं काहीच कमेंटमध्ये नाही. आहे ते एवढंच, की लिहिणारा कच्चा आहे. मग उत्तरही तसंच येतं: “वरच्या फंक्शनमध्ये तपासलंय.” पुढे दोन-तीन खेपा होतात, तेव्हा कुठे रिकाम्या यादीचा विषय निघतो.

माणसावर रोखलेली कमेंट लागते हे सगळेच सांगतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं, की तिच्यात माहिती कमी असते. माणसावर खर्च झालेले शब्द काढले की तेवढीच जागा कोडसाठी मोकळी होते. त्यामुळे सभ्यपणे लिहायचं म्हणजे लांबलचक लिहायचं, ही समजूत चुकीची आहे. वरचीच कमेंट पायरीपायरीने बदलून बघू.

पहिली पायरी वाक्याचा कर्ता बदलण्याची. इंग्रजीत लिहिलेल्या कमेंटमध्ये समोरच्याचा उल्लेख सुट्या सर्वनामातून होतो, तो शोधून खोडता येतो. मराठीत तो क्रियापदात दडून बसतो. “तपासलं नाहीस” यात ‘तू’ कुठेच लिहिलेलं नाही, तरी शेवटच्या ‘स’ने बोट नेमकं माणसाकडे दाखवलं. म्हणून मराठीत, किंवा पुण्यातल्या बऱ्याच टीम लिहितात तसं मराठी-इंग्रजी मिसळून लिहिताना, नजर क्रियापदाच्या शेपटीवर ठेवावी. कर्ता म्हणून कोडमधलीच एखादी गोष्ट घ्यायची: फंक्शन, लूप, क्वेरी, टेस्ट. वाक्य होतं: “हे फंक्शन रिकामी यादी तपासत नाही.”

निम्मं काम झालं. पण वाचणारा अजून विचारू शकतो, “मग बिघडलं काय?” म्हणून दुसरी पायरी परिणामाची. कोणता इनपुट आला की नेमकं काय होतं, ते लिहायचं: “`ratings` रिकामी आली की इथे `ZeroDivisionError` येईल.” आता ‘तपासत नाही’ हा शेराही गळून पडला, कारण एररचं नाव त्याहून जास्त सांगतं. हे प्रत्यक्षात घडेल का, अशी शंका येण्यासारखी असेल तर आणखी एक छोटं वाक्य घालायचं: नव्या वस्तूला रेटिंग नसतंच.

तिसरी पायरी वाटेची. इथे थोडं थांबायला हवं, कारण उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. रिकाम्या यादीसाठी शून्य परत केलं तर नवी वस्तू पानावर सगळ्यात वाईट ठरेल. `None` परत केलं तर ज्या टेंप्लेटमध्ये हा आकडा छापला जातो, तिथे ‘None’ हा शब्दच ग्राहकाला दिसू शकतो. कोणतं बरं, हे कोड लिहिणाऱ्याला जास्त ठाऊक असण्याची शक्यता आहे. म्हणून इथे आज्ञा न करता प्रश्न विचारणं योग्य, आणि तो प्रश्न खरा आहे. पूर्ण कमेंट अशी होते:

“`ratings` रिकामी आली की इथे `ZeroDivisionError` येईल, नव्या वस्तूला रेटिंग नसतंच. `None` परत करूया का? मग टेंप्लेटमध्येही बदल लागेल.”

मूळ कमेंटपेक्षा ही लांब आहे, पण वाढलेले शब्द माहितीचे आहेत, आणि नेमकं काय चुकलं ते आता कोणाला विचारावं लागत नाही. गिटहबवर ठोस बदल सुचवायचा असेल तर कमेंटमध्येच `suggestion` नावाचा ब्लॉक लिहिता येतो. कोड लिहिणारा एक बटण दाबून तो बदल स्वीकारू शकतो.

```suggestion
    return sum(ratings) / len(ratings) if ratings else None
```

बदल एक-दोन ओळींचा असेल तर वर्णन करत बसण्यापेक्षा हे केव्हाही थोडक्यात होतं. मोठ्या बदलासाठी मात्र हा मार्ग नको. दुसऱ्याचं काम परस्पर नव्याने लिहून देणं हाही शेराच असतो.

कर्ता बदलला म्हणजे सगळं झालं, असं मात्र नाही. “हे फंक्शन म्हणजे कचरा आहे” या वाक्याचा कर्ता फंक्शनच आहे. तरी ते कोणाला लागणार, हे कळायला व्याकरण नको. जेरल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ च्या ‘द सायकॉलॉजी ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या पुस्तकात ‘इगोलेस प्रोग्रॅमिंग’ची कल्पना मांडली. लिहिणाऱ्याने आपल्या कोडला स्वतःचाच भाग समजू नये, हा तिचा गाभा. लिहिणाऱ्यासाठी तो सल्ला चांगला आहे. पण रिव्ह्यू करणाऱ्याने समोरच्याला तेवढं साधलंय असं गृहीत धरून लिहू नये. त्याच्यासाठी कसोटी वेगळी आहे: कमेंटमधलं प्रत्येक विधान कोड चालवून, वाचून किंवा मोजून तपासता येतं का? ‘एरर येईल’ हे तपासता येतं. ‘कचरा’, ‘विचित्र’, ‘गलथान’ हे तपासता येत नाही. तपासता न येणारं विशेषण दिसलं की समजावं, नेमकं निरीक्षण अजून लिहायचं राहिलंय.

ही कसोटी दुसऱ्या एका कमेंटला लावू. त्याच वेबसाइटच्या जँगोमधल्या कोडमध्ये हा लूप आहे:

```python
for o in Order.objects.filter(paid=True):
    rows.append((o.id, o.customer.name))
```

कमेंट आली: “हे फारच इनएफिशिएंट आहे. जँगोचं डॉक्युमेंटेशन वाच.” पहिलं वाक्य विशेषण आहे आणि दुसरं गृहपाठ. निरीक्षण काय आहे ते शोधू. `o.customer` ला हात लावला की जँगो त्या ग्राहकासाठी डेटाबेसकडे वेगळी क्वेरी पाठवतो. पैसे भरलेल्या ५०० ऑर्डर असतील तर ऑर्डरची एक आणि ग्राहकांच्या ५००, अशा एकूण ५०१ क्वेरी होतात. `select_related` लावलं की जोडणी डेटाबेसमध्येच होते आणि एका क्वेरीत काम भागतं. कमेंट होते: “लूपच्या प्रत्येक फेरीत `o.customer` साठी एक क्वेरी जाते, ५०० ऑर्डरना ५०१. `select_related("customer")` लावलं की एकच.” आकडा आला आणि विशेषणाची गरजच उरली नाही. शिवाय लिहिणारा कदाचित म्हणेल, “या पानावर कायम दहाच ऑर्डर असतात.” तोही मुद्दा मोजता येतो, आणि बोलणं कोडवरच राहतं.

‘का’ विचारणारे प्रश्न वेगळे बघायला हवेत. “इथे टाइमआउट ३ सेकंद का ठेवलास?” यात विचारणाऱ्याला खरंच कारण हवं असतं, पण वाचणाऱ्याला जाब विचारल्यासारखं वाटतं. “३ सेकंदांचा आकडा कशावरून आला? पेमेंट गेटवेला यापेक्षा जास्त वेळ लागला तर काय होईल?” असं लिहिलं की प्रश्न आकड्याबद्दल होतो. उत्तर आल्यावर ते फक्त चर्चेत ठेवू नये, कोडमध्ये टीप म्हणून घालायला सांगावं. सहा महिन्यांनी तो कोड वाचणाऱ्यालाही हाच प्रश्न पडणार आहे.

दुसऱ्या टोकाचा घोळही होतो. दुखवू नये म्हणून काही जण लिहितात: “सहज सुचलं म्हणून सांगतोय, कदाचित माझं चुकत असेल, पण वेळ मिळाला तर रिकाम्या यादीचं बघता येईल का?” मन चांगलं आहे, पण हा बग मर्जच्या आधी दुरुस्त व्हायलाच हवा की नाही, ते यातून कळत नाही. नवखा माणूस ते सोडून देतो आणि एरर ग्राहकाला दिसते. गांभीर्य सांगायला एक शब्द पुरतो. गूगलच्या जाहीर रिव्ह्यू-मार्गदर्शिकेत बारीकसारीक सुधारणेआधी `Nit:` आणि ऐच्छिक सूचनेआधी `Optional:` लिहायला सुचवलंय. टीमने आपले शब्द ठरवले तरी चालेल, फक्त त्यांचा अर्थ सगळ्यांसाठी एक हवा. खूण नसलेली कमेंट म्हणजे दुरुस्ती आवश्यक, एवढं ठरलं की ‘कदाचित’, ‘वेळ मिळाला तर’ ही सगळी भरती गळून पडते.

ज्या कमेंट शब्द बदलून सुधारत नाहीत, त्यांवर वेळ घालवू नये. स्पेस, ओळीची लांबी, इम्पोर्टचा क्रम यांवर माणसाने काही लिहूच नये. `black` आणि `ruff` सारख्या साधनांना ते बघू द्यावं. साधनाने दाखवलेली चूक कोणी मनाला लावून घेत नाही. स्वतःची आवड वेगळी आहे एवढंच कारण असेल, तर ती कमेंट खोडून टाकावी.

‘परत’, ‘नेहमी’, ‘मागेच सांगितलं होतं’ हे शब्दही कोडबद्दल नसतात, माणसाच्या इतिहासाबद्दल असतात. तीच चूक एकाच पुल रिक्वेस्टमध्ये सात ठिकाणी असेल तर पहिल्या ठिकाणी पूर्ण लिहावं आणि शेवटी “खाली अशाच आणखी सहा जागा आहेत” एवढं जोडावं. सात कमेंट म्हणजे सात टोमणे वाटतात. आणि एखाद्याच्या कामात तीच चूक महिनोन्‌महिने येत असेल, तर तो रिव्ह्यूचा विषयच नाही. तो टीम लीडने समोर बसून, बाकी कोणी नसताना बोलायचा विषय आहे.

कौतुकाला मात्र हा नियम लावू नये. “रिकाम्या यादीची टेस्ट आधीच लिहिलीस, छान” यात माणूस कर्ता असला तर हरकत नाही. तिथेही टेस्टचं नाव घेतलं म्हणून ते खरं वाटतं. नुसतं “मस्त काम” वाचून काहीच कळत नाही.

इतकं सांभाळूनही एखाद्या ओळीवर दोघांचं जुळत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या उत्तरानंतर वाक्यं तुटक होऊ लागतात. तिथे लिहिणं थांबवून फोन करावा किंवा शेजारी जाऊन बसावं. पाच मिनिटांत ठरतं. मात्र जे ठरलं ते त्याच ओळीखाली लिहून ठेवावं, नाहीतर नंतर बघणाऱ्याला अर्धवट वादच सापडतो: “बोलून ठरलं: `None` परत करायचं, टेंप्लेटमध्ये ‘अजून रेटिंग नाही’ दाखवायचं. टेंप्लेटचा बदल याच पुल रिक्वेस्टमध्ये.”